कादंबरीतलं दुःख आणि आपलं दुःख: लेखिकेला पत्र लिहिताना

प्रश्न: माझा धाकटा भाऊ चौदा महिन्यांपूर्वी अपघातात गेला. नुकतीच एक कादंबरी वाचली. तिच्यातल्या बहिणीचाही भाऊ गेलेला आहे. प्रवासात एक अनोळखी बाई तिला विचारते, "भावंडं किती तुम्ही?" ती म्हणते, "दोघं", आणि मग तासभर भाऊ जिवंत असल्यासारखी त्याच्याबद्दल बोलत राहते. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि खूप वेळ नुसती बसून राहिले. हुबेहूब माझंच दुःख. (नव्या नोकरीत मला हाच प्रश्न विचारला तेव्हा मी "एकटीच" म्हणाले होते.) लेखिकेला पत्र लिहायला घेतलं, सहा पानं झाली, आता पाठवायचा संकोच वाटतो. काय ठेवू, काय गाळू? भावाशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं. कादंबरीत तसं काही नाही. ते लिहावं का? उत्तराची अपेक्षा ठेवावी का? मसुदा सोबत पाठवते आहे.

उत्तर: मी कादंबऱ्यांचं संपादन करते. लेखकांच्या नावाने प्रकाशनाच्या पत्त्यावर येणारी वाचकांची पत्रं बरीच वर्षं माझ्या टेबलावरून पुढे गेली आहेत. काही लेखक "आधी तुम्हीच वाचा" म्हणतात, त्यामुळे ती उघडण्याचं कामही माझ्याकडे आलं. तुमचा मसुदा मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.

सुरुवात तुमच्या प्रश्नातल्या कंसापासून करते, कारण तुमचं पत्र तिथे आहे. कादंबरीतली बहीण "दोघं" म्हणते. तुम्ही "एकटीच" म्हणालात. ही उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि तरी तुम्ही त्याआधीच्याच वाक्यात "हुबेहूब माझंच" असं लिहिलंय. सहा पानांच्या मसुद्यात हा "एकटीच" एकदाही येत नाही. मला लिहिताना तो कंसात आला, लेखिकेला लिहिताना गळूनच पडला.

असं बहुतेकांचं होतं. एखादा प्रसंग काळजाला भिडला की आपण नकळत आपलं दुःख त्या प्रसंगाच्या मापाचं करून घेतो. जे जुळतं ते मोठ्या अक्षरात लिहितो, जे जुळत नाही ते बाजूला सारतो, कारण ते लिहिलं तर आपल्याला बसलेला धक्का खोटा ठरेल अशी भीती वाटते. पण लेखिकेच्या बाजूने पाहा. "तुम्ही माझीच गोष्ट लिहिलीत" हे वाक्य तिने या पुस्तकाबद्दल अनेकदा वाचलेलं असणार. ते वाचून तिला बरं वाटतं, पण तुमच्याबद्दल काही कळत नाही आणि तिच्या पुस्तकाबद्दलही कळत नाही. "तुमची बहीण दोघं म्हणाली, मी एकटीच म्हणाले, आणि तरीही मी तिला ओळखलं" हे वाचताना ती थांबेल. तिने लिहिताना कल्पिलेली नव्हती अशी एक शक्यता तुम्ही तिच्यासमोर ठेवलेली असेल: तोच प्रश्न, तीच जखम आणि उलटं उत्तर.

आता मसुद्याकडे. तुमची सहा पानं म्हणजे एकात एक गुंतलेली दोन पत्रं आहेत. पहिलं दीड पान आणि शेवटचं अर्धं पान लेखिकेला आहे. मधली चार पानं भावाला आहेत. दुसऱ्या पानाच्या मध्यावर "तो" जाऊन "तू" येतो, ते बहुधा तुमच्या लक्षातही आलं नसेल. त्या रात्रीचा फोन, हॉस्पिटलच्या बाहेरचे तास, त्याचं कपाट आवरणं, हे सगळं तुम्ही त्याला सांगताय. ही चार पानं फाडू नका. वेगळी काढा, वर तारीख घाला आणि स्वतःपाशी ठेवा. लेखिकेला मात्र ती पाठवू नका. ती खाजगी आहेत हे कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की ती दुसऱ्याच्या नावाची आहेत. आपल्याला न लिहिलेलं पत्र हातात आलं की वाचणाऱ्याला दार चुकल्यासारखं वाटतं. तो आदराने वाचतो, पण आपण इथे काय करायचं हे त्याला कळत नाही.

ती चार पानं लिहून मन मोकळं झालं का, की उलट जास्त जड झालं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जड झालं असेल तर त्यात वावगं काही नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशाच्या घटनेबद्दल लिहिलं. लिहिल्या लिहिल्या त्यांची मनःस्थिती खालावली होती. पुढच्या महिन्यांत मात्र ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पण पुढे खास जवळचं माणूस गमावलेल्यांवर असे प्रयोग झाले, तेव्हा हा फायदा तितकासा दिसला नाही. म्हणून "लिहा, म्हणजे बरं वाटेल" असं मी कुणाला सांगत नाही. त्या चार पानांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल. मी बोलणार आहे ती उरलेल्या दोन पानांबद्दल.

त्या दोन पानांतला पहिला परिच्छेद असा आहे: "तुमची कादंबरी वाचून मी निःशब्द झाले. इतकं हृदयस्पर्शी लेखन मी आजवर वाचलं नव्हतं. प्रत्येक पानावर मला मीच दिसत होते." तीन वाक्यं, आणि तिन्ही कुठल्याही कादंबरीला चालतील. प्रत्येक पानावर तुम्ही दिसत नव्हता. दिसलात ती एका पानावर, एका उत्तरात. तिथूनच सुरुवात करा. नुसता पान क्रमांक देऊन भागणार नाही, कारण आवृत्ती बदलली की पानं सरकतात, आणि लेखकाला आपलं पुस्तक पानांनी नव्हे तर प्रसंगांनी आठवतं. प्रसंग एका वाक्यात सांगा आणि नेमका शब्द उचला. "दोघं" हा शब्द.

असं नेमकं बोट का ठेवायचं, ते एका अनुभवावरून सांगते. एका कादंबरीच्या हस्तलिखितात एक विधुर रोज रात्री दाराला आतून कडी लावताना क्षणभर थांबतो, एवढाच अर्ध्या पानाचा प्रसंग होता. गती मंदावते म्हणून मी त्यावर काट मारली होती. लेखकाने बराच हट्ट केला, म्हणून तो राहिला. पुस्तक आल्यावर काही महिन्यांनी एका बाईंचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी एवढंच लिहिलं होतं की त्यांचे यजमान रात्रपाळीला असत, त्यामुळे कडी न लावता झोपायची सवय होती, आणि ते गेल्यावर पहिल्यांदा कडी लावली ती रात्र त्यांना या अर्ध्या पानामुळे आठवली. लेखकाने ते कार्ड मला दाखवलं. बोलला काहीच नाही, नुसतं टेबलावर ठेवलं. स्तुतीच्या पन्नास पत्रांनी माझं मत बदललं नसतं. त्या कार्डाने संपादक म्हणून माझी चूक दाखवून दिली, कारण ते एका कडीबद्दल होतं.

आता तुमचा तिसरा परिच्छेद. तिथे तुम्ही कादंबरीतल्या बहिणीचं दुःख "नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार" या पाच टप्प्यांवर बसवून पाहिलंय आणि ती पहिल्या टप्प्यात अडकली असं म्हटलंय. हा परिच्छेद पूर्ण काढा. हे टप्पे मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ सालच्या पुस्तकातले आहेत. ते ज्या मुलाखतींवर उभे आहेत त्या स्वतः मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णांच्या होत्या. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले, आणि शोक असा पायऱ्या चढत जात नाही हे त्या विषयातले लोक केव्हापासून सांगताहेत. पण चुकीचे म्हणूनच ते गाळा असं मी म्हणत नाही. बरोबर असते तरी मी ते काढलेच असते. त्या बहिणीने प्रवासात भावाला जिवंत केलं, त्याला नोकरीत बढती दिली, त्याचं लग्न जमत आलंय असं सांगितलं, असं तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय. याला "नकार" म्हटलं की ती बढतीही गेली आणि ते लग्नही गेलं. लेखिकेने जे तपशिलाने उभं केलं त्यावर आपण चिठ्ठी चिकटवून परत करतो.

त्याच परिच्छेदातलं एक वाक्य मात्र वाचवा: "सगळे मला विचारतात, आईबाबा कसे आहेत." भावंड गमावलेल्या बऱ्याच लोकांनी मला हेच सांगितलंय. घरातलं मोठं दुःख आईवडिलांचं, आणि भावंडाचं काम त्यांना सांभाळण्याचं, असं सगळे गृहीत धरतात. शोकाचा अभ्यास करणाऱ्या केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिलं. मराठीत त्याला "हक्क नाकारलेलं दुःख" म्हणता येईल: जे असतं, पण ते करायचा तुमचा हक्क कुणी उघडपणे मान्य करत नाही. ही संज्ञा तुम्ही जाणून घ्या, पत्रात घालू नका. तुमचं वाक्य तेच सांगतं आणि जास्त बरं सांगतं.

भांडणाचं लिहावं का? लिहावं, पण त्याला पत्रात कुठलं काम द्यायचं हे आधी ठरवा. माझ्या पाहण्यात भांडणासारखी गोष्ट पत्रात दोन प्रकारे फसते. एक म्हणजे ती तक्रार होते: "तुमच्या पात्राला अपराधीपणाचा स्पर्शही नाही, प्रत्यक्षात असं नसतं." तुमच्या शेवटच्या पानावर याची एक छटा आहे, "कदाचित तुम्हाला हे अनुभवाने माहीत नसेल" या शब्दांत. लेखिकेने सगळ्या बहिणींची गोष्ट लिहिलेली नाही, एकीची लिहिली आहे. दुसरा प्रकार म्हणजे कबुलीजबाब: "मी त्याला असं बोलले, तुम्हीच सांगा मी काय करायला हवं होतं." वाक्य प्रामाणिक असतं, पण ते अनोळखी माणसाच्या हातात न्यायनिवाडा देतं. ती काय लिहिणार? "तुमची काही चूक नाही" असं लिहिलं तर काही माहीत नसताना लिहिलेलं ते वाक्य तुम्हालाच पोकळ वाटेल. मग बऱ्याचदा ती काहीच लिहीत नाही, आणि ते मौन तुम्ही निकाल म्हणून वाचता. पत्र पाठवणाऱ्याला सर्वांत जास्त दुखावलेलं मी इथेच पाहिलंय.

हे ओळखायची एक साधी युक्ती सांगते. भांडणाचं वाक्य लिहा आणि त्याच्या पुढचं वाक्य कुणाकडे तोंड करून आहे ते बघा. ते लेखिकेकडे हात पसरत असेल तर काढा. ते परत तुमच्याकडे किंवा त्या प्रसंगाकडे वळत असेल तर राहू द्या.

तुमच्या बाबतीत मला एक शंका येते. ती शंकाच आहे, उत्तर तुमच्याकडे आहे. "एकटीच" आणि ते भांडण या दोन गोष्टी तुम्ही मला वेगवेगळ्या ठिकाणी सांगितल्यात. त्या एकच तर नाहीत ना? त्या दिवशी "दोघं" म्हणायला जीभ वळली नाही, ती पुढचे प्रश्न टाळायचे म्हणून, की शेवटचं बोलणं आठवून आपल्याला त्याचं नाव घ्यायचा अधिकार नाही असं वाटलं म्हणून? पहिलं असेल तर भांडण पत्रात नको, ते त्या चार पानांतच बरं. दुसरं असेल तर मात्र भांडणाशिवाय तुमचा "एकटीच" कळणारच नाही, आणि मग ते दोन वाक्यांत यायलाच हवं. कशावरून भांडलात, कोण काय बोललं, हे नको. "आमचं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं" एवढं पुरे.

अजून एक वाक्य गाळायचं आहे: "तुमचाही भाऊ गेला असणार, त्याशिवाय असं लिहिताच येणार नाही." हे वाचकाला फार स्वाभाविक वाटतं आणि लेखकाला फार अवघड जातं. खरं असेल तर तुम्ही तिच्या बंद दारावर थाप मारलीत. खोटं असेल तर तिला "नाही हो, मी कल्पनेने लिहिलं" असं सांगावं लागतं, आणि तुमची फसवणूक केल्यासारखं वाटतं. चार्ल्स डिकन्सची 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' १८४०-४१ मध्ये क्रमशः येत होती तेव्हा तिची नायिका छोटी नेल मरू नये म्हणून वाचक त्याला पत्रं लिहीत होते. तिच्या मृत्यूचं प्रकरण लिहिताना त्याची स्वतःची जुनी जखम उघडली होती: त्याची मेहुणी मेरी होगार्थ १८३७ मध्ये सतराव्या वर्षी अचानक गेली होती. हे त्याने आपला मित्र फॉर्स्टर याला लिहिलं. दुःख होतं, पण ते कुणाला सांगायचं हे त्याने निवडलं होतं. तुमच्या लेखिकेलाही ती निवड राहू द्या. तिला सांगावंसं वाटलं तर ती न विचारता सांगेल.

उत्तराच्या अपेक्षेबद्दल. प्रकाशनाकडे आलेलं पत्र लेखकापर्यंत जायला कधी आठवडा लागतो, कधी चार महिने. आमच्याकडे ती गठ्ठ्याने पुढे जातात. काही लेखक प्रत्येकाला दोन ओळी लिहितात. काही फक्त वाचतात. आणि काही जण तुमच्यासारखी पत्रं जपून ठेवतात, उत्तर नंतर नीट लिहू म्हणतात आणि मग फार उशीर झाला म्हणून लाजून लिहीतच नाहीत. हा तिसरा प्रकार तुम्हाला वाटतो त्याहून खूप मोठा आहे. म्हणून शेवटी "उत्तराची वाट पाहते" लिहू नका. "उत्तर नाही आलं तरी चालेल" हेही नको, त्यात न मागता मागणं असतं. शेवटच्या वाक्यानंतर नाव लिहून थांबा. पत्ता वर कोपऱ्यात असतोच. आणि भावाच्या वर्षदिवसाच्या किंवा वाढदिवसाच्या आसपास पत्र टाकू नका. त्या दिवसांत टपालाकडे डोळे लागतात.

मसुद्याच्या चौथ्या पानावर, भावाला लिहिलेल्या भागात, "तुझ्याशिवाय मला राहायचं नाहीये" असं एक वाक्य आहे. ते बोलण्याच्या ओघात आलेलं असेल. नसेल, तर या पत्राचं सगळं बाजूला ठेवा आणि आजच जवळच्या माणसाला किंवा डॉक्टरांना ते सांगा. कादंबरीकाराला ते वाक्य चार महिन्यांनी मिळेल.

आता तुमचंच पत्र, मी कापून जोडलेलं. बरेचसे शब्द तुमच्या मसुद्यातले आणि प्रश्नातले आहेत. चार-पाच वाक्यं मी सांधा म्हणून घातली आहेत, ती तुमच्या भाषेत बदला. भांडण आणि "एकटीच" जोडलेले आहेत असं धरून लिहिलंय. तसं नसेल तर चौथा परिच्छेद काढा, बाकीचं तसंच उभं राहील.

> सप्रेम नमस्कार,
>
> तुमच्या कादंबरीत प्रवासातली एक बाई विचारते, "भावंडं किती तुम्ही?" आणि बहीण म्हणते, "दोघं." त्या शब्दापाशी मी पुस्तक मिटलं. पुढचा तास ती भावाबद्दल काय काय सांगते ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं.
>
> माझा धाकटा भाऊ चौदा महिन्यांपूर्वी अपघातात गेला. तेव्हापासून सगळे मला विचारतात, आईबाबा कसे आहेत. मी सांगते, बरे आहेत. भावंडं किती, हे मात्र मला त्यानंतर एकदाच कुणी विचारलं, नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. विचारणारीला काहीच माहीत नव्हतं.
>
> मी म्हणाले, "एकटीच." तुमच्या बहिणीच्या बरोबर उलट. ती म्हणाली, "मजा आहे, सगळे लाड तुमचेच." मी हसले. घरी येईपर्यंत मला वाटत होतं की मी त्याला दुसऱ्यांदा घालवलं.
>
> आमचं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं. "दोघं" म्हणायचा मला हक्क नाही असं त्या क्षणी वाटलं असावं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तुमची बहीण त्याला बढती देते, त्याचं लग्न जमवते, ते वाचताना कळलं, कारण मला तिचा हेवा वाटला.
>
> ती खोटं बोलते आणि मीही खोटं बोलले. तिचं खोटं वाचल्यावर मला माझं पहिल्यांदा नीट दिसलं. एवढंच कळवायचं होतं.
>
> तुमची वाचक,

दीड पानही होणार नाही. मला यातला "हेवा" सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो माझा नाही. तुमच्या पाचव्या पानावर "मला तिचा रागही आला, हेवा म्हणा" असं अर्धं वाक्य होतं आणि त्यावर तुम्ही रेघ मारली होती. मी रेघ पुसली. कादंबरीतल्या पात्राचा हेवा वाटणं हे "हुबेहूब माझंच" म्हणण्यापेक्षा खूप खरं आहे, कारण जिथे आपलं आणि पात्राचं वेगळं होतं तिथेच तो वाटू शकतो.

"सप्रेम नमस्कार" मी मुद्दाम ठेवला. मसुद्यात तुम्ही "प्रिय ताई" लिहिलंय. कुठल्याही मराठी लेखिकेला "ताई" म्हणून लिहिणारे खूप आहेत आणि त्यात काही चूक नाही. पण या पत्रात बहीण हा शब्द तीन वेळा येतो आणि दर वेळी त्याला वजन आहे. वरच ताई आली की तो शब्द खर्च होतो.

आणखी दोन गोष्टी, व्यवहाराच्या. लेखक अनुभवांवर जगतात, आणि असं पत्र कधी दुसऱ्या पुस्तकाची ठिणगी होतं. साधारण नियम असा की पत्राचा कागद ज्याला पाठवला त्याचा होतो, मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याकडे राहतो. पण "एकटीच म्हणालेली बहीण" ही कल्पना म्हणून कुणाच्याच मालकीची नसते. ते नको असेल तर नावाखाली एक ओळ लिहा: "हे फक्त तुमच्यासाठी." लेखक ती ओळ सहसा पाळतात. आईबाबांचा विचार करूनही ती ओळ असलेली बरी, कारण ते भांडण त्यांना माहीत आहे की नाही हे तुम्ही मला सांगितलेलं नाही.

आणि पाठवण्याआधी नक्कल काढा. डिकन्सने १८६० मध्ये वीसेक वर्षांत आलेली पत्रं आपल्या घरामागे पेटवून दिली, तेव्हा त्यात कुणाची काय काय दुःखं होती हे आता कुणालाच कळणार नाही. ती पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांकडे आपल्या पत्राची प्रत असेल? तुमची नक्कल त्या चार पानांबरोबर एकाच पाकिटात ठेवू नका. ती चार पानं भावाची आहेत.